उजवीकडच्या फुग्यावर नाव नसतं

प्रश्न: व्हॉट्सॲप ग्रुपच्या स्क्रीनशॉटमधला मजकूर टाईप न करता काढायचाय. कोण, किती वाजता आणि कुठल्या क्रमाने बोललं ते तसंच राहायला हवं. कसं करावं?

मजकूर निघतो हो. फोनमधली कुठलीही ‘टेक्स्ट कॉपी करा’ सोय तेवढं काम करते. बोलणारी माणसं मात्र त्यात निघत नाहीत, आणि भांडणं होतात ती त्याच्यावरूनच.

आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा मी सेक्रेटरी. देवळाच्या जत्रेला नाटक असतं, त्याचं लायटिंग डिचोलीचा एक माणूस करतो. ग्रुपवर त्याने दर टाकला, मी जनरेटर नको म्हटलं, खजिनदारबाबांनी परस्पर होकार दिला. पुढे हिशेबाच्या बैठकीत सात हजार कोणी मान्य केले असा विषय निघाला, तेव्हा खजिनदारबाबांनी आपल्या फोनवरच्या स्क्रीनशॉटमधून मजकूर काढून, ‘साफ’ करून, छापील कागदच सगळ्यांना वाटला. त्यावर माझं नाव, आणि माझ्या नावाखाली ‘चालेल. घाला’!

मी मूळ चित्र मागून घेतलं. त्यातला कच्चा मजकूर असा निघतो:

```
Yesterday
लायटिंग डिचोली
२८ हजार. जनरेटर वेगळा
9:12 pm
जनरेटर ७ हजार 9:12 pm
सेक्रेटरी
जनरेटर नको, देवळाचा आहे
9:15 pm
लायटिंग डिचोली
जनरेटर ७ हजार
चालेल. घाला 9:15 pm W
```

खालच्या तीन ओळी बघा. ‘लायटिंग डिचोली / जनरेटर ७ हजार’ हा नवा मेसेज नव्हेच. खजिनदारांनी त्या मेसेजला रिप्लाय केला, म्हणून तो त्यांच्याच मेसेजच्या फुग्यात वर अवतरण म्हणून आला. त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नाही, कारण ज्याचा फोन असतो त्याचे मेसेज उजवीकडे, बिननावाचे दिसतात. साफ करताना त्यांना वाटलं, या दोन ओळी दोनदा आल्यात. काढून टाकल्या. उरलेलं ‘चालेल. घाला’ वरच्या नावाला, म्हणजे मला, चिकटलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण हे बैठकीत तासभर समजावूनही ‘कागदावर तुझंच नाव आहे ना’ हेच ऐकावं लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तर पद्धत. पहिला नियम: वेळ मेसेजच्या शेवटी येते. फुग्याच्या तळाशी उजवीकडे ती छापलेली असते, म्हणून आधीच्या वेळेनंतर या वेळेपर्यंत जे काही आलं तो सगळा एक फुगा. या नियमाने वरचा मजकूर परत वाचला तर शेवटच्या तिन्ही ओळी एकाच फुग्यात जातात, कारण ‘जनरेटर ७ हजार’ दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याच्यामागे वेळच नाही. अवतरणाला स्वतःची वेळ नसते, ते ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. शेवटचा W म्हणजे दोन टिकमार्क. यंत्र त्यांना अक्षर समजतं. टिकमार्क फक्त आपण पाठवलेल्या मेसेजला असतात, तेव्हा तो W कचरा म्हणून पुसायच्या आधी बघून ठेवा, तो फुगा फोनवाल्याचा आहे.

दुसरं म्हणजे जागा. संगणकावर टेसरॅक्ट हा चित्रातला मजकूर वाचणारा प्रोग्राम असेल तर साधा मजकूर मागू नका, प्रत्येक शब्दाची जागा मागा:

```
tesseract chat.png chat -l mar+eng --psm 11 tsv
```

`chat.tsv` मध्ये `left` आणि `top` असे रकाने मिळतात. `--psm 11` विखुरलेला मजकूर शोधतो पण क्रमाची हमी देत नाही, म्हणून क्रम `top` वरून लावायचा. दुसऱ्यांच्या फुग्यांतल्या ओळी डावीकडे एकाच उभ्या रेषेवर सुरू होतात. आमच्या १०८० पिक्सेल रुंद चित्रात त्या साधारण १३० वर होत्या आणि ‘चालेल’ ६०० च्या पुढे. वाद तिथेच मिटायला हवा होता. डाव्या बाजूला नाव नसलेला फुगा आला तर तो वरच्याच माणसाचा असतो, कारण लागोपाठ मेसेज असले तर नाव पहिल्यावरच येतं. नावं रंगीत असल्यामुळे फिकट रंगाचं नाव कधी वाचलंच जात नाही, ते चित्रात डोळ्यांनी तपासा. डार्क मोडचं चित्र आधी उलट करून घ्या, काळ्यावरचं पांढरं न राहता पांढऱ्यावर काळं. रोमी कोंकणीत लिहिलेले मेसेज सरळ हाताने टाईप करा, यंत्राच्या मराठी-इंग्रजीत ते बसत नाहीत.

शेवटी असं लिहायचं:

```
[11/02/2025 21:12] लायटिंग डिचोली: २८ हजार. जनरेटर वेगळा
[11/02/2025 21:12] लायटिंग डिचोली: जनरेटर ७ हजार
[11/02/2025 21:15] सेक्रेटरी: जनरेटर नको, देवळाचा आहे
[11/02/2025 21:15] (फोनवाला) खजिनदार: चालेल. घाला
    > उत्तर: लायटिंग डिचोली: जनरेटर ७ हजार
```

हे वेळेप्रमाणे सॉर्ट करू नका. स्क्रीनवर मिनिटापर्यंतच वेळ असते, आणि 9:15 चे दोन मेसेज सॉर्ट करताना उलटले तर माझा नकार त्यांच्या होकारानंतर येतो, अर्थच बदलतो. क्रम चित्रातलाच धरायचा. अनेक चित्रं जोडताना एकाच्या तळाचे दोन-तीन मेसेज पुढच्याच्या वर पुन्हा दिसतील असे काढा आणि ती अख्खी जुळणी पाहून मगच दुहेरी ओळी उडवा. नुसता ‘हो’ दोनदा दिसला म्हणून एक उडवू नका, माणसं खरोखर दोनदा ‘हो’ म्हणतात.

तारखेचं एक वेगळंच लफडं आहे. `Yesterday` म्हणजे चित्र काढल्याच्या आदल्या दिवशी. चित्र ज्या फोनवर काढलं तिथल्या फाईलच्या नावात बहुधा तारीख असते, ती घ्या. तेच चित्र व्हॉट्सॲपवरून आलं की अँड्रॉइडवर नाव `IMG-20250214-WA0007.jpg` असं होतं, आणि ही तारीख ते तुमच्याकडे पोचल्याची. त्यावरून ‘काल’ मोजलात तर चुकलात. म्हणून चित्र डॉक्युमेंट म्हणून मागवा, नावही टिकतं आणि अक्षरंही दाबली जाऊन पुसट होत नाहीत.

तुम्ही स्वतः त्या ग्रुपात असाल तर हे सगळं कशाला, एक्स्पोर्ट चॅट करा. नाव, तारीख, वेळ आयती मिळते. फक्त त्यात कुठल्या मेसेजला रिप्लाय केला ते येत नाही. ‘चालेल. घाला’ कशाला म्हटलं ते आमच्या एक्स्पोर्टमध्येही दिसलं नसतं, म्हणजे स्क्रीनशॉट लागतोच. शिवाय नावं ज्याचा फोन त्याच्या कॉन्टॅक्टमधली येतात. ‘लायटिंग डिचोली’ हे खजिनदारांनी ठेवलेलं नाव, माझ्याकडे तो माणूस वेगळ्या नावाने आहे. नंबर लिहून ठेवा.

आणि प्रकरण कोर्टात जायचं असेल तर असा काढलेला मजकूर फक्त वाचायच्या सोयीसाठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचं वकिलाला विचारा आणि मूळ फोनमधलं चॅट पुसू नका. मंडळाच्या बैठकीला मात्र एवढं पुरे: कागदावर मजकुराच्या शेजारी मूळ चित्रही छापा. चित्र न लावता नुसता ‘साफ केलेला’ मजकूर जो वाटेल, त्याच्याकडून आधी चित्र मागा. खजिनदार असला तरी.