रेघेच्या वरचे तेवढेच धर

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि सोबतचे उत्तर मिळाले. जुन्या प्रश्नपत्रिका तू घड्याळ लावून सोडवतेस, स्वतःच तपासतेस आणि सोळापैकी तेरा गुण देतेस. मग परीक्षेत तशाच प्रश्नाला सात कसे पडतात, असे तू विचारले आहेस. उत्तर मी दोनदा वाचले. मीही सातच देईन. तुला जे ठाऊक आहे त्याचे गुण तू स्वतःला दिलेस, पण गुण कागदावर लिहिलेल्याला मिळतात.

प्रश्न होता, ‘व्हर्सायचा तह हे हिटलरच्या सत्ताप्राप्तीचे प्रमुख कारण होते, या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात?’ तू युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारे कलम 231, एक लाखावर आणलेले सैन्य, गेलेला अल्सेस-लोरेन आणि 1921 मध्ये ठरलेली 132 अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई, सारे अचूक लिहिलेस. त्यानंतर तुझे वाक्य येते: ‘यामुळे जनता संतप्त झाली आणि म्हणून हिटलर सत्तेवर आला.’ समासात तू ‘कारणमीमांसा आहे’ अशी नोंद करून उत्तर सर्वांत वरच्या स्तरात बसवलेस. तह 1919 चा, हिटलर चॅन्सेलर झाला 30 जानेवारी 1933 रोजी. मधली जवळजवळ चौदा वर्षे तू एका ‘म्हणून’मध्ये ओलांडलीस. तुझ्याच गुणदान योजनेत अचूक वर्णनाला पाच ते आठ, कारण आणि परिणाम यांचा दुवा उलगडून दाखवण्याला नऊ ते बारा आणि कारणांची तुलना करून ‘कितपत’चा निवाडा देण्याला त्यावरचे गुण आहेत. मग तेरा कुठून आले?

पत्रात मात्र तू लिहितेस की, 1928 च्या निवडणुकीत नाझींना अवघ्या 12 जागा होत्या आणि जुलै 1932 मध्ये 230 झाल्या, हे तुझ्या डोक्यात होते. अगं, हाच तर निवाड्याचा पाया आहे! तहाचा संताप एकटाच पुरेसा असता, तर तहानंतर नऊ वर्षांनी केवळ बारा जागा का मिळाल्या? मध्ये 1929 ची महामंदी आली, 1932 पर्यंत बेकार साठ लाखांच्या घरात गेले, आणि तहाविरुद्धचा जुना प्रचार लोकांना तेव्हा पटू लागला. ही दोन-तीन वाक्ये उत्तरात असती, तर मी वरच्या स्तराचा विचार केला असता. ती तू मला लिहिलीस, उत्तरात लिहिली नाहीस. आणि कागदावर नाही त्याला गुण नाही.

आता तपासण्याची रीत सांगतो. ज्या स्तराचे गुण तू देशील, तो स्तर सिद्ध करणारे वाक्य उत्तरात शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मार. असे वाक्य सापडले नाही, तर तो स्तर मिळाला नाही. ‘मला असेच म्हणायचे होते’ हे मनात आले, की थांबायचे आणि खालचा स्तर द्यायचा. उत्तर लिहिल्याच्या दिवशी ते तपासू नकोस. मनातली वाक्ये ताजी असतात आणि ती कागदावरही दिसू लागतात. मात्र योजनेत दिलेल्या मुद्द्यांची यादी सक्तीची समजून प्रत्येक राहिलेल्या मुद्द्याचा गुण कापणे हाही अप्रामाणिकपणाच आहे. ते मुद्दे बहुधा नमुन्यादाखल असतात. यादीत नसलेला, पण योग्य आणि पुराव्यानिशी मांडलेला मुद्दाही चालतो.

वेळेचेही तेच. ऐंशी गुणांना दोन तास असतील, तर गुणामागे दीड मिनिट, म्हणजे या प्रश्नाला चोवीस मिनिटे. त्यातली पहिली चार आराखड्याला दे आणि निवाड्याचे एक वाक्य तिथेच ठरव. तुझा निवाडा नेहमी हुकतो, कारण तू तो शेवटच्या दोन मिनिटांवर सोडतेस आणि तहाच्या कलमांत रमतेस. चोवीस मिनिटे संपली, की आडवी रेघ मारून उरलेले दुसऱ्या शाईने लिही. गुण फक्त रेघेच्या वरच्या मजकुराला. रेघेखाली काय राहिले ते पाहिलेस, तर तुला माहिती कमी पडली की वेळ, हे लगेच कळेल.

मी फार कठोर तपासतो, असे विद्यार्थी वर्षानुवर्षे म्हणत आले. मी बदललो नाही, कारण अनोळखी परीक्षकाला तुमच्या मनातले वाचता येत नाही आणि ते वाचण्याची सवय मला स्वतःला लावून घ्यायची नव्हती. तू हुशार आहेस हे मला माहीत आहे. म्हणूनच त्या तेरा गुणांचा मला राग आला.

आता संपूर्ण उत्तर पुन्हा लिहू नकोस. तो ‘म्हणून’ खोड आणि त्या जागी 1919 ते 1933 हा प्रवास एका परिच्छेदात मांड, सहा मिनिटांत. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने रेघ मारून, गुण लिहून मला पाठव. माझे गुण मी वेगळ्या कागदावर लिहीन आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

तुझा,
सर