पाळीची तारीख: मोजणी कोणत्या दिवसापासून?

प्रश्न: «माझे चक्र २८ दिवसांचे आहे, तरी पुढच्या पाळीचा अंदाज दर वेळी चार-पाच दिवसांनी चुकतो. पाळी ठरवल्यापेक्षा आधीच येते. असे का होत असेल?»

ताई, चूक नेमकी चार-पाच दिवसांचीच असेल, तर तुम्ही बहुधा रक्तस्राव थांबल्याच्या दिवसापासून मोजत आहात. मीही अनेक वर्षे तेच करत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला, सासरचे सगळे जाणार होते आणि पाळी आड येऊ नये म्हणून मी सोलापुरातल्याच एका दवाखान्यात पाळी लांबवण्याची गोळी मागायला गेले. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता «पाळीची शेवटची तारीख?» एवढेच विचारले. मला पाळी १६ डिसेंबरला आली होती आणि २० तारखेला थांबली होती, म्हणून मी सरळ २० सांगितले. त्यांना हवी होती शेवटच्या पाळीची तारीख, म्हणजे ती सुरू झाली तो दिवस. शब्दांची एवढी अदलाबदल झाली आणि कोणी उलटून विचारले नाही. २० डिसेंबरात २८ मिळवून १७ जानेवारी काढली गेली आणि गोळी त्याच्या तीन दिवस आधी, १४ तारखेपासून घ्यायला सांगितली. खरा हिशेब १६ अधिक २८, म्हणजे १३ जानेवारी होता, आणि पाळी त्याच दिवशी, भोगीला, आली. गोळ्यांचे पाकीट न फोडताच राहिले. केसपेपर लिहिणाऱ्याने «कोणत्या दिवशी सुरू झाली?» असे विचारायला किती वेळ लागतो, हे मला आजही कळलेले नाही.

आता मी दिनदर्शिकेवर फक्त पहिल्या दिवसाला गोल करते. नुसता डाग दिसला तर तो दिवस धरत नाही, स्राव नीट सुरू झाला तोच पहिला दिवस. त्या तारखेत चक्राचे दिवस थेट मिळवावेत. सुरुवातीच्या दिवसाला एक म्हणून बोटांवर अठ्ठावीसपर्यंत मोजल्यास उत्तर एक दिवस आधीचे येते.

शिवाय «२८ दिवस» ही सरासरी असते. माझी सहा चक्रे २७, २९, २८, २६, ३० आणि २८ दिवसांची होती. सरासरी २८ आली, तरी १६ डिसेंबरनंतरची पाळी ११ ते १५ जानेवारीत कधीही येऊ शकली असती. बीजांड बाहेर पडण्याचा दिवस आजारपणाने वा ताणाने पुढे गेला की पाळीही पुढे जाते, आणि हे आधी कोणत्याही गणिताला कळत नाही. म्हणूनच गर्भधारणा टाळण्यासाठी या हिशेबावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी डॉक्टर नाही. चक्र २१ दिवसांपेक्षा लहान किंवा ३५ पेक्षा मोठे होऊ लागले, तर तपासून घ्यावे, आणि गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. फक्त त्यांना तारीख सांगताना «या दिवशी सुरू झाली» असे पूर्ण वाक्य बोलावे.