स्मार्ट बल्ब घ्यायचा की डिमर? आधी हे वाचा

वीज वाचेल म्हणून स्मार्ट बल्ब घेत असशील तर नको घेऊस. साधा ९ वॉटचा एलईडी रोज ५ तास चालला तर महिन्याला जेमतेम १.३५ युनिट जातात, ८ रुपये युनिट धरलं तरी ११ रुपयांच्या आतच, त्यात वाचवणार काय? उलट स्मार्ट बल्ब बंद असतानाही वायफायसाठी थोडी वीज खातच असतो.

बेडरूमसाठी मात्र एक घेच, खास करून घरात आजी-आजोबा असतील तर. रात्री बाथरूमला उठताना अगदी मंद पिवळा उजेड पुरतो, डोळे दिपत नाहीत. फक्त भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं आणि घरातलं कोणीतरी सवयीने ते बंद करतंच, मग मोबाईलवर बल्ब ऑफलाइन दिसतो. म्हणून हॉल-किचनमध्ये नको, तिथे सगळ्यांचे हात बटणावर असतात. आणि लाईट जाऊन आली की बरेच बल्ब मध्यरात्रीसुद्धा फुल पेटतात, त्यामुळे अ‍ॅपमध्ये वीज परत आल्यावर आधीच्याच स्थितीत राहा असं सेटिंग मिळतं का ते घेण्याआधी बघ.

हॉलमध्ये उजेड कमी-जास्त करायचाच असेल तर भिंतीवरचा डिमर बरा, पण खोक्यावर डिमेबल लिहिलेलाच एलईडी लाव, साधा लावलास तर लुकलुकतो नाहीतर गुणगुण आवाज करतो. पंख्याचा रेग्युलेटर डिमर म्हणून वापरू नकोस, आणि डिमरवर स्मार्ट बल्ब तर अजिबात लावू नकोस, आतलं सर्किट बिघडू शकतं.