फ्लॅट विकला, आता भाडेकरूला काय आणि कसं कळवायचं?

बेळगावच्या टिळकवाडीतला फ्लॅट विकलाय. भाडेकरूचा ११ महिन्यांचा करार डिसेंबरअखेरपर्यंत आहे, डिपॉझिट ६०,०००. पत्रात काय लिहू?

विक्रीने करार मोडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ नुसार तुमच्या जागी नवा मालक येतो. त्यामुळे भाडं, मुदत, नोटिशीचा काळ सगळं तेच राहतं, हे पत्रात स्पष्ट लिहा. नाहीतर "घर खाली करावं लागणार" ही धास्ती भाडेकरू घेतोच.

खरी भानगड डिपॉझिटची. ते तुम्ही घेतलंय, म्हणून भाडेकरू ते तुमच्याकडेच मागणार. समजा खरेदीखत १८ जूनला झालं. खरेदीदाराने किमतीतून ६०,००० वळते करून घेतले असतील, तर पत्रात लिहा: "डिपॉझिट रुपये ६०,००० नव्या मालकांकडे जमा आहे, घर सोडताना तेच परत देतील." खाली तुमची, नव्या मालकाची आणि भाडेकरूची, तिघांची सही हवी. नव्या मालकाची सही नसेल तर पुढे तो सरळ कानावर हात ठेवतो.

खरेदीखताची तारीख, नव्या मालकाचं नाव, पत्ता, फोन आणि बँक खातं द्या. जुलैपासूनचं भाडं त्यांना द्यायचं, असं लिहा. जूनच्या भाड्याची वाटणी तुम्ही दोघांनी आपसात करावी, भाडेकरूला त्यात ओढू नये. पत्र मिळण्याआधी, विक्रीची कल्पना नसताना त्याने तुम्हाला भाडं दिलं, तर नवा मालक ते त्याच्याकडून पुन्हा मागू शकत नाही. म्हणून पत्र लगेच द्या आणि पोच घ्या.

भाडेकरू कन्नडभाषक असेल तर मजकूर कन्नडमध्येही द्या.