ऑफर लेटरमधले सहा लाख आणि त्यांच्यावरचा कर

«मुलगी यंदा रत्नागिरीहून इंजिनीअर झाली. पुण्यातल्या दोन कंपन्यांकडून ऑफर आहे. एक वर्षाला १५ लाख पगार देते. दुसरी नवी कंपनी आहे, ती १४ लाख पगार आणि सहा लाखांचे ईसॉप देते. मुलगी म्हणते, म्हणजे वीस लाख झाले. या ईसॉपवर कर कधी भरायचा, मिळतात तेव्हा की विकतो तेव्हा? आमच्या घरात आजवर कुणी शेअर घेतलेला नाही. ऑफर लेटरची प्रत जोडली आहे.»
– एक आंबा बागायतदार, देवगड

नमस्कार,

प्रत पाठवलीत हे फार बरं केलंत. ईसॉप म्हणजे कंपनीचा शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. अशा एका हक्काला ऑप्शन म्हणतात आणि त्या ठरलेल्या किमतीला एक्सरसाइज प्राइस. दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात आहे: ४,००० ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस १० रुपये, सध्याचं मूल्य १६० रुपये, चार वर्षांत दरवर्षी पाव हिस्सा व्हेस्ट. एका ऑप्शनमागे १५० रुपयांचा फरक, गुणिले ४,०००, असे ते सहा लाख आले. म्हणजे ते चार वर्षांचे मिळून आहेत. वीस लाखांची बेरीज इथेच सोडून द्या.

आता कराचं. ऑप्शन देऊ केले, म्हणजे ग्रँट झाली, त्या दिवशी कर नाही. वर्ष भरलं आणि पहिले १,००० व्हेस्ट झाले, तरी कर नाही. व्हेस्टिंग म्हणजे दहा रुपयांना शेअर घेण्याचा हक्क पक्का झाला, इतकंच. कर लागतो तो मुलगी हक्क वापरते, दहा रुपये भरते आणि शेअर तिच्या नावावर येतात तेव्हा. हक्क वापरला त्या दिवशीच्या बाजारमूल्यातून तिने भरलेले दहा रुपये वजा करायचे. उरलेली रक्कम तिच्या पगारात धरली जाते, त्याला परक्विझिट म्हणतात. (पत्रात ऑप्शनऐवजी आरएसयू, म्हणजे किंमत न भरता मिळणारे शेअर, असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यात सहसा व्हेस्ट होताच शेअर हातात येतात, म्हणून कर तेव्हाच.)

तुमच्या भाषेत सांगतो. कलम लावलं, मोहोर आला, कर नाही. आंबा उतरवून अढीत घातला की त्या दिवशीच्या भावाने कर. पेटी वाशीला गेलेली नाही, पैसे आलेले नाहीत, तरी कर. तुम्हाला शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, त्यामुळे हे विचित्र वाटेल. पण बहुतेक मुलं नेमकी इथेच अडकतात.

आकड्यात बघू. समजा चार वर्षांनी मुलीचा पगार २५ लाख आहे आणि शेअरचं मूल्य ६०० रुपये. कंपनी शेअर बाजारात नाही, म्हणून हे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो आणि त्याचा दाखला १८० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. मुलीने सगळे ४,००० घेतले. दहा रुपयांप्रमाणे ४०,००० भरले. फरक ५९० रुपये, म्हणजे २३ लाख ६० हजार तिच्या पगारात धरले गेले. नव्या कररचनेत २४ लाखांच्या वर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणून कर झाला ७,३६,३२०. हा कंपनीला टीडीएस म्हणून कापावाच लागतो. महिन्याच्या पगारातून तो निघत नाही, तेव्हा कंपनी मुलीला सांगते, आधी पैसे भर, मग शेअर देतो. बाजारात असलेल्या कंपनीत थोडे शेअर विकून कर भागवता येतो. इथे घेणाराच नाही.

पुढे विकताना दुसरा कर, भांडवली नफ्यावरचा. त्यासाठी खरेदीची किंमत दहा रुपये धरायची नाही, ६०० धरायची, कारण ६०० पर्यंतचा कर पगारात भरून झालेला असतो. शेअर नावावर आल्यापासून २४ महिन्यांनंतर ८०० रुपयांना विकले तर नफा २०० प्रमाणे आठ लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर, म्हणजे १,०४,०००. त्याआधी विकले तर नफा तिच्या नेहमीच्या दराने, जवळजवळ अडीच लाख कर. माझ्याकडे आलेल्या एका चिपळूणच्या मुलाने रिटर्नमध्ये खरेदी किंमत एक्सरसाइज प्राइसची टाकली होती. तसं केलं तर या उदाहरणात १,०४,००० च्या जागी ४,१०,८०० भरावे लागतील. म्हणून ज्याला सगळे फॉर्म १६ म्हणतात ते त्या वर्षीचं टीडीएस प्रमाणपत्र, त्यासोबतचा परक्विझिटचा तपशील आणि मर्चंट बँकरचा दाखला मुलीने जपून ठेवायचा.

आणि भाव पडला तर? ६०० ला कर भरला आणि दोन वर्षांनी २५० ला विकावे लागले, तर हातात दहा लाख येतात. त्यातून ४०,००० आणि आधी भरलेला कर वजा जाता उरतात २,२३,६८०. चौदा लाखांचा तोटा कागदावर दिसतो, पण तो पगारातून वजा होत नाही. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच होतो, तोही पुढच्या आठ वर्षांपर्यंत. पगारात भरलेला कर परत मिळत नाही.

मग ऑप्शन घ्यायचेच नाहीत का? तसं नाही. व्हेस्ट झालेले पडू दिले तर कर शून्य, आणि कंपनी बाजारात आल्यावर किंवा कुणी विकत घेतल्यावर वापरायचे. मात्र तेव्हा सगळी वाढ पगार म्हणून ३० टक्क्यांत जाते. उलट, लवकर घेतले तर कर थोडा. पहिल्या वर्षी मूल्य १८० झालं असेल आणि मुलीने १,००० घेतले, तर पगारात १,७०,००० धरले जातील. १४ लाखांच्या पगारावर ती रक्कम १५ टक्क्यांच्या टप्प्यात येते, कर २६,५२०, अधिक दहा हजार किंमत. साडेछत्तीस हजार बुडाले तरी घर बुडत नाही. मला हा मार्ग पटतो, पण कंपनीत पहिलं वर्ष काढून, तिचा धंदा डोळ्यांनी बघून मगच.

खरी अडचण नोकरी सोडताना येते. न व्हेस्ट झालेले ऑप्शन जातात आणि व्हेस्ट झालेले वापरायला अनेक योजनांत ९० दिवसच मिळतात. वरच्या उदाहरणात चार वर्षं भरल्यावर सोडली तर कर आणि किंमत मिळून पावणेआठ लाखांची सोय तीन महिन्यांत करायची. २०२० च्या अर्थसंकल्पाने स्टार्टअपमधल्या कर्मचाऱ्यांना सवलत दिली. शेअर मिळाले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षं कर पुढे ढकलता येतो. पण त्याआधी शेअर विकले किंवा नोकरी सोडली तर १४ दिवसांत भरावा लागतो. आणि नुसतं स्टार्टअप म्हणून नोंदणी पुरत नाही, स्टार्टअपच्या करसवलतीचा, ज्याला सगळे ८०-आयएसी म्हणतात तो दाखला कंपनीकडे हवा.

म्हणून दोन्ही ऑफर १५ विरुद्ध १४ अशाच मोजा. एक लाखाच्या फरकापुढे नव्या कंपनीतलं काम मुलीला जास्त आवडत असेल तर खुशाल घ्या. फक्त सही करण्याआधी तिने एचआरला मेल करावा आणि उत्तर लेखी मागावं: मूल्यांकनाची तारीख काय, नोकरी सोडल्यावर किती दिवस मिळतात, ८०-आयएसीचा दाखला आहे का, आणि आजवर कंपनीने कर्मचाऱ्यांचे शेअर परत विकत घेतले आहेत का. उत्तर आलं की मला पाठवा, त्यातल्या ९० दिवसांच्या कलमावर आपण बोलू. ते वाढवून मागता येतं.