अबोला नाही, तरी बोलणं नाही

प्रश्न: आमच्या घरात कधी भांडण होत नाही. पण महत्त्वाचं काही कुणी बोलतही नाही. धाकट्या काकांनी घर सोडलं त्याला पाच वर्षं झाली, त्यांचं नाव कुणी घेत नाही. मी विषय काढला की आजी देवघरात जाते, बाबा पेपर उघडतात. हे असंच चालू द्यायचं का? बोलायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: ‘अबोला’ आणि ‘गप्प राहणं’ यांतला फरक आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. अबोला कुणीतरी कुणाशी तरी धरलेला असतो. तो घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि समजूत काढली की सुटतो. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. तिथे कुणी कुणावर रुसलेलं नाही, म्हणून कुणाची समजूतही काढता येत नाही. सगळे बोलतात, फक्त एका विषयाला वळसा घालून. या वळशाचे नियम घरातल्या लहान मुलालाही पाठ असतात, पण ते कुणी शिकवलेले नसतात.

आमच्याकडे आलेल्या एका घराची हकीकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर एका तालुक्याच्या गावातलं. वडील निवृत्त शिक्षक, आई घरी, मुलगी २९ वर्षांची, जवळच्या शहरात नोकरी करणारी आणि दर शनिवारी घरी येणारी. मोठ्या मुलाने सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं. त्या दिवसापासून त्याचं नाव घरात उच्चारलं गेलं नव्हतं. मुलगी आली ती झोप लागत नाही म्हणून. दादाबद्दल तिने पहिल्या भेटीत एक वाक्य सांगितलं, तेही उठता उठता.

अशा माणसाला ‘मोकळेपणाने बोला’ असं सांगून काही होत नाही. बोलायचं काय, तेच तिला ठाऊक नसतं. म्हणून आम्ही तिला लिहायला सांगितलं. दोनशे पानी साधी वही घ्यायची आणि समोरासमोरची दोन पानं एकत्र वापरायची. डाव्या पानावर फक्त दिसलं आणि ऐकू आलं तेवढं, म्हणजे भिंतीवरच्या कॅमेऱ्याने टिपलं असतं तेवढंच. उजव्या पानावर ‘मी याचा अर्थ काय लावला’. घरी असेल त्या दिवशी १५ मिनिटं, झोपायच्या निदान तासभर आधी. असे आठ शनिवार-रविवार. फोनवर लिहायचं नाही, कारण तिच्या घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरायचा. लिहिल्यावर पहिल्या काही दिवसांत मन जड होतं, हेही आधीच सांगावं लागतं. नाहीतर ‘यानं त्रास वाढला’ म्हणून वही तिसऱ्या दिवशी माळ्यावर जाते.

पहिल्या आठवड्याची पानं आम्ही पाहिली तेव्हा डावं पान जवळपास रिकामं होतं आणि उजवं भरलेलं. ‘बाबा चिडले’, ‘आईला वाईट वाटलं’, ‘मी नकोशी झाले’. ही सर्वांत नेहमीची चूक. मौनात वाढलेली माणसं अर्थ इतक्या झटकन लावतात की घडलं काय हे त्यांना आठवतच नाही. मग तिला ‘चिडले’ हा शब्दच बंद केला. चिडले म्हणजे काय केलं? चष्मा काढून पुसला. बरं, तेवढंच लिहा.

चौथ्या आठवड्यापासून डावं पान बोलू लागलं. आई जेवताना ‘आमटीत मीठ बरोबर आहे ना?’ असं विचारते ते वडील दुपारभर गप्प असतील त्याच दिवशी; एरवी कधी विचारत नाही. वडील ‘आहे’ म्हणाले की आईचे खांदे खाली येतात. टीव्हीवर लग्नाचा प्रसंग आला की वडील आवाज कमी करत नाहीत, वाढवतात. दादाच्या वाढदिवसाला आई ओल्या नारळाच्या करंज्या करते. कशासाठी ते कुणी विचारत नाही आणि वडील सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडतात. ‘बाबांना सांग, पाणी तापलंय’ हे वाक्य एका शनिवार-रविवारात सात वेळा आलं. वडील तेव्हा दहा पावलांवर ओसरीत बसलेले असत.

या शेवटच्या गोष्टीला कुटुंबोपचारात त्रिकोण म्हणतात. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने ही कल्पना मांडली: दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. ताण कमी होतो, पण मूळ दोघांमधलं काहीच हलत नाही आणि तिसऱ्याची झोप जाते. मुलीची झोप कुठे गेली ते इथे कळलं.

मग एका मोठ्या कागदावर तीन पिढ्यांची आकृती काढली. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, आणि जिथे नातं तुटलं त्या रेघेवर दोन आडव्या खुणा. दादाच्या रेघेवर खुणा करताना तिला आत्या आठवली. १९९८ मध्ये आत्याने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला होता. त्यानंतर आजोबांनी मरेपर्यंत तिचं नाव काढलं नाही आणि वडिलांनी, जे बहिणीचे लाडके होते, तेही नाही. म्हणजे ही भाषा दादाच्या लग्नाने जन्माला आलेली नव्हती. वडील ती त्यांच्या वडिलांकडून शिकले होते, आणि तिचा पहिला नियम होता: ज्याला जपायचं, त्याचं नाव काढायचं नाही. असा कागद पाहिल्यावर दोष द्यायची घाई जरा ओसरते. राग लगेच जात नाही, आणि तो जावा अशी अपेक्षाही नसते.

इथे मुलीने उत्साहात एक पाऊल परस्पर टाकलं. दिवाळीच्या पाडव्याला, मामा-मावशी जेवायला बसलेले असताना, तिने विचारलं, ‘दादाला कधी बोलावणार?’ वडील ताटावरून उठले. आईने रात्री तिला सांगितलं, ‘तू सणाचा विचका केलास.’ पुढचे दोन आठवडे घरात मिठाचाही प्रश्न आला नाही. यात नवल काही नव्हतं. ज्या घराचा तोल गप्प राहण्यावर टिकलेला असतो, ते पहिल्या शब्दाला ढकलून पुन्हा जागेवर आणतंच. पण तीन गोष्टी टाळता आल्या असत्या. वाक्य प्रश्न होतं, म्हणून उत्तर मागत होतं. ते चारचौघांत होतं, म्हणून वडिलांना माघार घ्यायला जागा नव्हती. आणि ते दादाबद्दल होतं, तिच्या स्वतःबद्दल नव्हतं.

पुढचे दोन महिने आम्ही दादाचा विषय बाजूला ठेवला आणि फक्त निरोप परत करायचं काम केलं. आई ‘बाबांना सांग’ म्हणाली की मुलीने हसून म्हणायचं, ‘आई, ते ओसरीतच आहेत, तूच हाक मार की.’ दिवसातून एकदाच. बाकीचे निरोप नेहमीसारखे पोचवायचे. सगळे एकदम बंद केले तर आईला ते उलटून बोलल्यासारखं वाटतं आणि ती दुसरा निरोप्या शोधते, बहुतेक वेळा शेजारीण. तसं घडलंच: दुसऱ्या आठवड्यात आईने मोलकरणीच्या मुलाला वापरलं. पाचव्या आठवड्यात मात्र तिने स्वयंपाकघरातूनच ‘अहो, पाणी!’ अशी हाक मारली. वहीत त्या पानाखाली दोन रेघा आहेत.

मग दादाबद्दलचं वाक्य. ते आम्ही भेटीत बसून लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पहिला खर्डा दीड पानांचा होता, शेवटचा दोन ओळींचा: ‘बाबा, मला दादाची आठवण येते. ते तुमच्यापासून लपवायचं नाहीये.’ त्यात ‘तुम्ही’ने सुरू होणारं काही नाही, ‘का’ नाही, मागणी नाही. जागा समोरासमोरची नको. माणसं शेजारी शेजारी असताना, हात किंवा डोळे कशात तरी गुंतलेले असताना, म्हणजे मेथी निवडताना, गाडी चालवताना, जड वाक्य पेलू शकतात. तिने स्कूटर निवडली: वडिलांना रक्तदाब तपासायला नेते तेव्हा, येताना. जाताना नाही, नाहीतर वरचा आकडा तिच्या नावावर लागला असता.

वाक्य बोलून झाल्यावर गप्प राहायचं होतं. समोरचा उत्तर देत नाही म्हणून आपणच पुढचं बोलून जागा भरतो, आणि तिथे बहुतेक प्रयत्न फसतात. वडील काही बोलले नाहीत. घर येईपर्यंत काही नाही, रात्री काही नाही. रविवारी दुपारी मुलगी निघताना त्यांनी चपलांकडे बघत विचारलं, ‘त्याचा खोकला गेला का?’

खोकला होता हे त्यांना कसं कळलं, तर मामाकडून, गेली सहा वर्षं. पुढे कागदपत्रांच्या पिशवीत दादाच्या नावाच्या विम्याच्या पावत्या निघाल्या. हप्त्याची तारीख वाढदिवसाच्या आसपासची होती. त्या दिवशी पिशवी घेऊन ते कुठे जायचे, ते तेव्हा उमगलं. वहीच्या उजव्या पानावर त्याच दिवसापुढे लिहिलं होतं: ‘बाबांना दादाचा वाढदिवससुद्धा सहन होत नाही.’

तुमच्या घरात काय निघेल ते सांगता येत नाही. काकांसाठी कुणी हप्ते भरत असेलच असं नाही. काही वेळा वहीतून असंही दिसतं की एकच माणूस ठरवून गप्प राहतो आणि बाकीचे नमले की लगेच बोलू लागतो. ते शिक्षेचं मौन. त्यावर ही पद्धत चालत नाही, कारण तिथे वाक्य ऐकणाऱ्याला तुमची दुखरी जागा आयती कळते. आणि जिथे गप्प राहण्यामागे मारहाणीची भीती आहे, तिथे वही ठेवूच नका, सापडली तर धोका आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. आजी किंवा बाबा दोन आठवड्यांहून जास्त जेवण, झोप, अंघोळ यांतूनच मन काढून बसले असतील तर तो घराचा स्वभाव समजू नका, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ वर टेलिमानसची मोफत सेवा मराठीतही आहे.

एरवी या आठवड्यात डावं पान सुरू करा. आजी देवघरात जाते तेव्हा दिवा लावते, जप करते की नुसती बसते, तेवढं आधी लिहा.