परिमेय संख्येची व्याख्या, अटींसकट

प्रश्न: सरांनी ग्रुपवर टाकलेल्या धड्यात ‘परिमेय संख्या’ची व्याख्या नेमकी कुठे आहे, आणि ती अचूक कशी लिहू?

पहिल्यांदा शब्द दिसतो तिथे थांबू नका, तो बहुधा मथळा असतो. Ctrl+F मध्ये ‘म्हणतात’ शोधा. व्याख्येचं वाक्य बरेचदा त्यावरच संपतं. काहीच सापडलं नाही, तर पान स्कॅन केलेलं किंवा जुन्या फाँटचं असेल, मग डोळ्यांनीच वाचा.

आता आधीची ओळही बघा. पंचवटीतल्या माझ्या शिकवणीत एका मुलीने ‘m/n रूपातली संख्या’ एवढंच उतरवलं. ‘m, n पूर्णांक आणि n ≠ 0’ ही अट वरच्या ओळीत राहून गेली. पूर्णांकाची अट गेली की √2/1 सुद्धा परिमेय ठरते! म्हणून दोन्ही वाक्यं जशीच्या तशी अवतरणचिन्हांत लिहा, छापील पानक्रमांकासह.